आजचा कॉल माझ्यामुळे हुकला: माफी आणि नव्या वेळा

मॅडम, नमस्कार.

आज दुपारी तुम्ही आणि तुमचे मांडणीचे सहकारी कॉलवर माझी वाट बघत बसलात आणि मी आलोच नाही. चूक सर्वस्वी माझी आहे. मनापासून माफी मागतो. मघाशी घाईघाईत 'सॉरी, सविस्तर लिहितो' एवढंच पाठवलं होतं, म्हणून आता नीट लिहितोय.

झालं ते असं. आपण वेळ ठरवली तेव्हा तुमच्याकडचे दीड म्हणजे माझ्याकडचे संध्याकाळचे सहा, असा हिशेब होता, आणि तो तेव्हा बरोबरही होता. मी तो वहीत लिहून ठेवला: 'गुरुवार, सहा'. पण मधल्या रविवारी तुमच्याकडची घड्याळं तासभर पुढे गेली, आमच्याकडची आहे तिथेच राहिली. म्हणजे तुमचे दीड आता माझे पाच झाले. तुम्ही पाठवलेलं इन्व्हिटेशन मी कॅलेंडरमध्ये घेतलं असतं, तर त्याने वेळ आपोआप बदलून दाखवली असती. मी ते मेलमध्ये उघडून नुसतं वाचलं आणि वहीवर विसंबून राहिलो.

त्याहून लाजिरवाणा भाग पुढे आहे. पाच वाजता मी चित्रंच रंगवत होतो, फोन सायलेंटवर. सहाला पाच मिनिटं कमी असताना हेडफोन लावून, स्केचेस ओळीने मांडून लिंक उघडली. समोर कोणी नाही. दहा मिनिटं मी तुमचीच वाट बघितली आणि, खरं सांगतो, 'आज मॅडमना उशीर झालेला दिसतोय' असं मनात म्हणालोसुद्धा. मग फोन हातात घेतला तर तुमचे तीन मेसेज: ५.०४ ला 'आम्ही आत आलोय', ५.१२ ला 'लिंक चालतेय ना?', ५.२५ ला 'ठीक आहे, निघतो आम्ही'. शेवटचा वाचून फार ओशाळलो. तुमच्या सहकाऱ्यांनी तर जेवणाची सुट्टी सोडून वेळ काढला होता, असं तुम्ही आधी म्हणाला होतात. त्यांनाही माझी माफी कळवाल का? पुढच्या कॉलला मी स्वतः मागेनच.

आता नवीन वेळ. पहिली वेळ तुमची, दुसरी माझी, दोन्ही बदललेल्या घड्याळाप्रमाणे तपासून लिहिल्या आहेत:

शनिवार, ५ एप्रिल: तुमचे सकाळचे ९, माझे दुपारचे १२.३०
सोमवार, ७ एप्रिल: तुमचे दुपारचे १.३०, माझे संध्याकाळचे ५
सोमवार, ७ एप्रिल: तुमचे संध्याकाळचे ५, माझे रात्रीचे ८.३०

सुट्टीच्या दिवशी काम नको असेल तर शनिवार खुशाल बाद करा. मला सोमवारची दुपार सगळ्यात सोयीची वाटते, पण या वेळी सोय तुमची बघायची आहे. यातली एकही जमत नसेल तर तुम्हाला हवी ती वेळ सांगा, मी माझी कामं हलवतो. इन्व्हिटेशन या खेपेला मीच पाठवेन. लिंक जुनीच ठेवूया.

तुमचा आणखी वेळ जाऊ नये म्हणून पान १२ ते १५ ची स्केचेस सोबत जोडली आहेत. आज पाऊण तास बोलायचं ठरलं होतं. ही आधी नजरेखालून गेली तर अर्ध्या तासात उरकेल. पान १२ आणि १३ वर माझ्या मते फारसं बोलण्यासारखं नाही. १५ वर मजकुराला जागा कमी पडतेय का, ते तुमच्या सहकाऱ्यांनी सांगावं.

खरा प्रश्न पान १४ चा आहे, छोट्या खंड्याच्या जोडीचा. मजकुरात तुम्ही 'दोघांची चोच काळी' असं लिहिलंय. नराची काळी असते हे खरं, पण मादीच्या चोचीचा खालचा भाग तांबूस असतो. दोघं शेजारी बसलेले असले की ओळखायची तीच सोपी खूण. मी मादीची चोच तशीच रंगवली आहे, त्यामुळे सध्या चित्र एक सांगतंय आणि वाक्य दुसरंच. माझं मत वाक्य बदलावं असं आहे. मुलांना चित्रात फरक शोधायला आवडतं आणि इथे तो आयता मिळतोय. पण मजकूर तुमचा आहे, तुम्ही म्हणाल तसं.

कुठली वेळ जमेल ते उद्या दिवसभरात कधीही कळवा. फोन आता सायलेंटवर नाही.