आयपीडी 4417: वडिलांच्या खुब्याच्या ऑपरेशनचं आयटमवाइज बिल द्यावं आणि बाकी 1,20,900 रुपये हप्त्यांनी भरू द्यावेत याबद्दल

प्रति,
बिलिंग डिपार्टमेंट
24 जुलै 2025, नाशिक

नमस्कार सर / मॅडम,

मी संदीप, आयपीडी नंबर 4417 च्या पेशंटचा मोठा मुलगा. वडील 9 जुलैला रात्री साडेदहाला तुमच्याकडे अ‍ॅडमिट झाले, गोठ्यात पावसाने शेवाळ झालं होतं त्यावर पाय घसरला आणि उजव्या खुब्याचं हाड मोडलं. 11 तारखेला सकाळी ऑपरेशन झालं (मांडीच्या हाडाचा बॉल बदलला), 16 ला सकाळी डिस्चार्ज मिळाला. आधीच सांगतो, ट्रीटमेंटबद्दल आमची कसलीही तक्रार नाही. वडील आता वॉकर धरून ओट्यापर्यंत येतात आणि आईवर ओरडायलाही लागलेत, म्हणजे तब्येत बरीच सुधारली. डॉक्टरांनी आणि रात्रपाळीच्या सिस्टरांनी जे केलं ते आम्ही विसरणार नाही. हा मेल फक्त बिलाबद्दल आहे.

परवा काउंटरवर येऊन गेलो तेव्हा तिथल्या मॅडम म्हणाल्या लेखी द्या, मेल करा, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

डिस्चार्जच्या दिवशी मला एक पानाचं बिल मिळालं, त्यात नऊ ओळी आहेत: रूम 24,500, आयसीयू 9,000, सर्जरी पॅकेज 95,000, इम्प्लांट 48,000, फार्मसी 41,860, कन्झ्युमेबल 18,740, लॅब आणि एक्स-रे 16,300, व्हिजिट-नर्सिंग-फिजिओ 21,000 आणि इतर 6,500. टोटल 2,80,900. यातले आम्ही 1,60,000 भरलेत, 9 तारखेला 50,000, 10 ला संध्याकाळी 70,000 आणि डिस्चार्जला 40,000. बाकी 1,20,900. हा आकडा आम्ही नाकारत नाही, पैसे बुडवायचा तर विचारच नाही. पण नऊ ओळींवरून मला कशाचे किती लागले ते कळत नाही आणि जिथे ते कागद द्यायचेत तिथेही नऊ ओळींचं बिल चालत नाही.

म्हणजे असं की, माझा धाकटा भाऊ पुण्यात कंपनीत आहे, त्याच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये आईवडील दोन लाखांपर्यंत कव्हर आहेत. तुमचं हॉस्पिटल त्यांच्या नेटवर्कमध्ये नसल्याने कॅशलेस झालं नाही, आता रिइम्बर्समेंट टाकायचंय आणि त्यांना डिस्चार्जपासून 30 दिवसांत कागद हवेत. 30 दिवस म्हणजे 15 ऑगस्ट, त्या दिवशी सुट्टी, त्यामुळे 12-13 ला तरी फाइल पुण्यात पोचली पाहिजे. टीपीएवाल्याने भावाला स्पष्ट सांगितलंय की ब्रेकअप नसेल तर क्वेरी काढणार, आणि जेवढ्या रकमेच्या पावत्या असतील तेवढ्याचाच विचार करणार. म्हणून पुढच्या आठवड्यात, जमलं तर 31 जुलैच्या आत, सही-शिक्क्यासह हे मिळावं ही विनंती.

इम्प्लांटपासून सुरू करतो कारण ती एकच ओळ 48,000 ची आहे. इम्प्लांटच्या बॉक्सवर स्टिकर असतो ना, कंपनी, साइज, लॉट नंबर असलेला, ओटीत तो काढून पेशंटच्या फाइलला चिकटवतात, त्याची कॉपी आणि इम्प्लांटचं खरेदीचं बिल द्या. क्लेमला दोन्ही लागतात. आणि क्लेम बाजूला ठेवला तरी वडिलांच्या शरीरात जे बसवलंय ते कोणत्या कंपनीचं, कोणत्या साइजचं हे घरी लिहून ठेवलेलं असावं असं मला वाटतं, उद्या दहा वर्षांनी काही झालं तर दुसऱ्या डॉक्टरला काय सांगणार.

मग फार्मसी आणि कन्झ्युमेबल. फार्मसीचं तारखेप्रमाणे, औषधाचं नाव, नग, एमआरपी असं बिल पाहिजे. माझा प्रश्न एवढाच की ग्लोव्हज, सिरिंज, ड्रेसिंगचं सामान हे फार्मसीच्या 41,860 मध्ये आहे की कन्झ्युमेबलच्या 18,740 मध्ये, का थोडं इकडे थोडं तिकडे? डबल लागलंय असं मी म्हणत नाहीये, पण वॉर्डात बसून मी स्वतः चिठ्ठ्या घेऊन खाली फार्मसीत पळत होतो, त्यातल्या 14 चिठ्ठ्या माझ्याकडे आहेत, त्या ताडून बघता येतील. आणखी एक, 16 तारखेला न वापरलेली इंजेक्शनं आणि सलाइन आम्ही फार्मसीत परत केली, त्याची 3,215 रुपयांची रिटर्न स्लिप मिळाली होती. हे 3,215 फायनल बिलातून वजा झालेत का ते नऊ ओळींमध्ये दिसत नाही. झाले असतील तर प्रश्नच मिटला.

रूमचं असं आहे की 9 च्या रात्रीपासून 15 च्या रात्रीपर्यंत सात रात्री होतात, त्यातली 11 ची रात्र वडील आयसीयूत होते, बीपी खाली गेलं होतं म्हणून. बिलात 3,500 च्या रेटने रूम सात दिवस लावलीये आणि आयसीयू एक दिवस वेगळा. आता खरं सांगायचं तर त्या रात्री आईची पिशवी, डबा, चादर सगळं रूममध्येच होतं आणि आई तिथेच झोपली होती, त्यामुळे तुम्ही रूम होल्ड केली म्हणून चार्ज लावला असेल तर मी समजू शकतो, फक्त बिलात तसं लिहून द्या. आणि होल्डला पूर्ण रेट लागतो का कमी, तेही एकदा बघा. तुमच्या रेटकार्डवर मला ते दिसलं नाही.

सर्जरी पॅकेजमध्ये सर्जन, असिस्टंट, भूल आणि ओटी एवढंच आहे का, त्याची फोड द्या. व्हिजिटच्या ओळीत कोणत्या डॉक्टरांच्या किती व्हिजिट, फिजिओ किती वेळा ते तारखेसह. फिजिओवाले सर आमच्या आठवणीत तीनदा आले. लॅबची टेस्टवार यादी, 2डी इकोसकट. इतर 6,500 म्हणजे काय ते मात्र मला खरंच कळलं नाही, काउंटरवर विचारलं तर रजिस्ट्रेशन, फाइल, बायोमेडिकल वेस्ट वगैरे असं उत्तर मिळालं, त्या वगैरेचे किती ते लिहा.

शिवाय 10 तारखेच्या 70,000 ची मला हाताने लिहिलेली कच्ची स्लिप दिलीये, कॉम्प्युटरची पावती नंतर देतो म्हणाले होते. ती अजून मिळालेली नाही. पैसे जीपेने गेलेत, ट्रान्झॅक्शनचा स्क्रीनशॉट मेलला जोडलाय. क्लेमच्या दृष्टीने ही पावती सगळ्यात महत्त्वाची आहे.

डिटेल बिल मागणं म्हणजे भांडण असं कृपया समजू नका. तुमच्या कॅश काउंटरच्या डाव्या हाताला रुग्ण हक्कांची सनद फ्रेम करून लावलीये, 2021 मध्ये महाराष्ट्राच्या नर्सिंग होमच्या नियमांत ती आली तीच, त्यात आयटमाइज्ड बिल मिळण्याचा हक्क लिहिलाय. डिस्चार्जची वाट बघत तिथे तीन तास बसलो होतो, तेव्हा सगळी वाचून झाली.

आता हप्त्यांचं.

मी अंबड एमआयडीसीत कामाला आहे, हातात 31,000 येतात, पगार 7 तारखेला. गाडीचा हप्ता, पोराची फी, सिडकोतल्या रूमचं भाडं हे जाऊन काय राहतं ते तुम्हीही नोकरदार आहात, वेगळं सांगायला नको. निफाड तालुक्यात आमची दीड एकर आहे, उन्हाळ कांदा चाळीत भरलेला आहे पण आत्ताच्या भावात तो काढला तर भाडंतोडं जाऊन हातात फार काही येणार नाही, आणि जास्त दिवस ठेवला तर सडतो, त्यामुळे कांद्याच्या भरवशावर मी तुम्हाला तारीख देत नाही. जी तारीख देतोय ती पगाराच्या भरवशावर देतोय:

उद्या 25 जुलैला 20,900 (हे भावाने पाठवलेत, तयार आहेत)
7 ऑगस्ट, 7 सप्टेंबर, 7 ऑक्टोबर आणि 7 नोव्हेंबरला प्रत्येकी 15,000
दिवाळी बोनस आला की, 25 ऑक्टोबरपर्यंत, 20,000
7 डिसेंबरला शेवटचे 20,000

हे सगळं मिळून 1,20,900 होतात. आयटमवाइज बिलात काही कमी-जास्त निघालं तर ते शेवटच्या हप्त्यात धरा, मधले हप्ते मी थांबवणार नाही. क्लेमचे पैसे आधी आले तर बाकी सगळी एकदम भरून टाकू, भावाशी तसं बोलणं झालंय. 15,000 च्या जागी 20,000 करा असं तुम्ही म्हणालात तर मी हो म्हणून मोकळा होईन आणि तिसऱ्या महिन्यात चुकेन, म्हणून जेवढं झेपतं तेवढंच लिहिलंय. यावर व्याज किंवा लेट फी लागणार नाही हे तेवढं लेखी कळवा.

सगळ्यात अर्जंट गोष्ट चेकची. डिस्चार्जच्या वेळी माझ्याकडून 1,20,900 चा 31 जुलैचा चेक सिक्युरिटी म्हणून घेतलाय. त्या खात्यात आज सहा हजार आहेत. तो चेक सिस्टीमप्रमाणे आपोआप बँकेत गेला तर बाउन्स होणार आणि 138 ची नोटीस मला येणार, म्हणजे पैसे द्यायची तयारी असून मी चेक न वटवणारा माणूस ठरणार. त्यामुळे हात जोडून विनंती की 31 च्या आत तो चेक मला परत द्या, त्या बदल्यात वरच्या तारखांचे सहा चेक देतो किंवा बँकेतून ऑटो-डेबिट लावून देतो, तुम्हाला जे सोपं पडेल ते. किमान चेक अकाउंट्समधून बाजूला काढून ठेवलाय एवढा एका ओळीचा रिप्लाय तरी आज-उद्यात करा, नाहीतर झोप लागायची नाही.

प्रत्येक हप्त्याची कॉम्प्युटर पावती आणि शेवटी 'बाकी काही नाही' असं लेटरहेडवर पत्र द्यावं.

शनिवारी 26 ला माझी सेकंड शिफ्ट आहे, सकाळी 11 ते 1 मध्ये मी येऊ शकतो, चिठ्ठ्या, रिटर्न स्लिप आणि चेकबुक घेऊन येतो. मॅनेजर साहेब त्या वेळेत असतील का तेवढं कळवा. 28 ला टाके बघायला वडिलांना आणायचंच आहे, शनिवारी नाही जमलं तर त्या दिवशी भेटू. फक्त वडिलांसमोर बाकीचा विषय काढू नका प्लीज. त्यांना अजून वाटतंय की सगळं मेडिक्लेममध्ये झालं.

आपला,
संदीप
(आयपीडी 4417, मोबाइल नंबर फाइलवर आहे तोच)

सोबत: नऊ ओळींच्या बिलाचा फोटो, 70,000 चा जीपे स्क्रीनशॉट, कच्ची स्लिप, 3,215 ची रिटर्न स्लिप, फार्मसीच्या 14 चिठ्ठ्यांचे फोटो (दोन थोडे ब्लर आलेत, ओरिजनल आणतो)