शिष्यवृत्ती अर्जाची बंद पडलेली लिंक मुदतीपूर्वी सुरू करण्याबाबत

दिनांक : 11 नोव्हेंबर 2025
लातूर

प्रति,
मा. विभागप्रमुख,
शिष्यवृत्ती विभाग

मार्फत : मा. प्राचार्य

अर्जदार : कु. अश्विनी बालाजी सोमवंशी, बी.एससी. (संगणकशास्त्र), द्वितीय वर्ष

महोदय,

शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याची शेवटची तारीख शनिवार, 15 नोव्हेंबर आहे आणि अर्जाची लिंक शुक्रवार, 7 नोव्हेंबरच्या संध्याकाळपासून उघडत नाही. ती तातडीने सुरू करावी, यासाठी हा अर्ज करीत आहे. शनिवारी कार्यालयाला सुट्टी असते. त्यामुळे त्या दिवशी काही अडले तर विचारायला कोणी नसते आणि आमच्या हातात शुक्रवारपर्यंतचेच दिवस उरतात.

मदत क्रमांकावर सोमवारी तीनदा फोन केला. तिन्ही वेळा एकच उत्तर मिळाले : "सर्व्हरवर लोड आहे, रात्री उशिरा प्रयत्न करा." मी रात्री 2 वाजता केला, पहाटे 5 वाजता केला. माझ्या मोबाईलवर, मैत्रिणीच्या मोबाईलवर आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतल्या संगणकावरही करून पाहिला. सगळीकडे स्क्रीनवर हेच येते :

```
404 Not Found
```

लहान तोंडी मोठा घास घेते, पण हाच विषय शिकत असल्याने लिहावेसे वाटते. लोड असता तर पान फिरत राहिले असते, नाहीतर 503 आले असते. 404 चा अर्थ सर्व्हर उत्तर देतो आहे, फक्त त्या पत्त्यावर पानच नाही. संकेतस्थळाचे मुखपृष्ठ, सूचना, जुन्या याद्या, सगळे व्यवस्थित उघडते. शुक्रवारी संध्याकाळी मुखपृष्ठाची मांडणी बदलली आणि तेव्हापासूनच "अर्ज करा" हे बटण निकामी झाले. ते दाबल्यावर वर जो पत्ता दिसतो त्यात अजून `2024-25` आहे. पान दुसरीकडे हलवले आणि बटणामागचा पत्ता तसाच राहिला, असे झाले असावे. तसे असेल तर दुरुस्ती मोठी नाही. पण ती कोणी केल्याशिवाय आम्ही रात्रभर जागून काही उपयोग नाही.

"इतके दिवस काय केले?" असे विचारले जाईल, म्हणून तेही सांगते. आमचे गाव औसा तालुक्यात तेरणेच्या काठी आहे. सप्टेंबरच्या पावसात सव्वादोन एकर सोयाबीन पाण्याखाली गेले. काढायला काही उरलेच नाही. पुढे गावचे तलाठी पंचनाम्यांत अडकले आणि त्यांच्या अहवालाशिवाय उत्पन्नाचा दाखला पुढे सरकत नाही. मग दिवाळी आली. दाखला सेतू केंद्रातून 6 नोव्हेंबरला हातात पडला. त्याच रात्री नोंदणी केली. आधार बँक खात्याशी आधीच जोडलेले होते. बोनाफाईड, फीची पावती, रेशनकार्ड, मागच्या वर्षाची गुणपत्रिका हे सगळे चढवून झाले. दाखल्याची फाइल ठरलेल्या आकारापेक्षा मोठी निघाली, ती छोटी करून शुक्रवारी चढवायची ठरवली. शुक्रवारी सायंकाळी प्रात्यक्षिक संपवून बसले, तर पानच नव्हते. माझा अर्धा भरलेला अर्ज आत अडकला आहे.

ही अडचण माझ्या एकटीची नाही. आमच्या वसतिगृहातल्या सात मुली याच पायरीवर थांबल्या आहेत. दोघी तालुक्याच्या नेट कॅफेत जाऊन आल्या. प्रत्येक खेपेला वीस रुपये आणि "ताई, उद्या या". येण्याजाण्याचे भाडे वेगळेच. जिने 4 तारखेला अर्ज भरला तिला काहीच त्रास झाला नाही, त्यामुळे खटका नेमका कधी उडाला हे आपल्या तांत्रिक कर्मचाऱ्यांना शोधायला सोपे जावे.

तरी लिंक बुधवारपर्यंत सुरू करावी आणि जितके दिवस ती बंद राहिली तितके दिवस मुदतीत वाढवून द्यावेत. हे जमणारे नसेल तर कागदी अर्ज आवक क्रमांक देऊन स्वीकारावा, म्हणजे "मुदतीत अर्ज आला नाही" या शेऱ्याखाली आमची नावे वगळली जाणार नाहीत. जो निर्णय होईल त्याची सूचना महाविद्यालयांनाही पाठवावी. गावाकडच्या मुलींना संकेतस्थळापेक्षा सूचनाफलक लवकर दिसतो.

फीचा दुसरा हप्ता 9,400 रुपयांचा आहे आणि तो डिसेंबरात भरायचा आहे. वडिलांना मी "शिष्यवृत्ती येईल, उसने घेऊ नका" असे सांगून ठेवले आहे.

माझा मोबाईल क्रमांक नोंदणीत आहे. काही विचारायचे असल्यास दुपारी 2 नंतर फोन करावा, त्याआधी तास असतात. आपण बोलावल्यास कागदपत्रे घेऊन कार्यालयात येईन.

आपली विश्वासू,
अश्विनी बालाजी सोमवंशी
मुलींचे वसतिगृह, खोली क्र. 14, लातूर

सोबत :
स्क्रीनची छायाचित्रे (वेळ व तारखेसह) – 5
उत्पन्नाच्या दाखल्याची प्रत – 1
अडकलेल्या सात विद्यार्थिनींच्या सह्यांचा कागद – 1