सातवीची शिवनेरी-लेण्याद्री सहल: सुधारित परिपत्रक

दिनांक: सोमवार, ३० डिसेंबर २०२४
प्रति: इयत्ता सातवी, तुकडी अ आणि ब, सर्व पालक

सप्रेम नमस्कार.

सहलीबाबत २३ डिसेंबरला निघालेले परिपत्रक रद्द समजावे. त्यातल्या ‘पुढील शनिवारी’ या शब्दांवरून काही पालकांनी ४ जानेवारी धरली, काहींनी ११. पैसे कुणी वर्गशिक्षकांकडे दिले, कुणी कार्यालयात. आता फक्त हे पत्रक प्रमाण धरावे. आधीच्या पत्रकाचा फोटो तुमच्या फोनमध्ये किंवा नातेवाइकांच्या ग्रुपवर असेल तर तो काढून टाकावा. मुले आजोबांच्या फोनवरचे जुने पत्रक वाचून तयारी करतात, असे दोन वर्गांत दिसले आहे.

सहल कधी

शनिवार, ११ जानेवारी २०२५. शनिवार, ४ जानेवारीला सहल नाही; त्या दिवशी शाळा नेहमीप्रमाणे सकाळी ७:३० ते ११:३० भरेल.

११ तारखेला मुलांनी सकाळी ६:०० वाजता शाळेच्या मोठ्या गेटवर यावे. ६:१५ ला हजेरी होईल आणि ६:३० ला गाड्या सुटतील. उशिरा येणाऱ्यासाठी गाडी थांबणार नाही आणि वाटेत चाकण, मंचर किंवा नारायणगावला कुणाला चढवून घेणार नाही. परतीची वेळ संध्याकाळी ७:३०, त्याच गेटवर.

कुठे जाणार

फक्त दोन ठिकाणी: शिवनेरी आणि लेण्याद्री. आधीच्या पत्रकात ‘परिसरातील इतर स्थळे’ असे होते, त्यामुळे ओझरला जाणार का, असे बऱ्याच जणांनी विचारले. ओझरला जाणार नाही.

शिवनेरीवर सात दरवाज्यांच्या पायऱ्यांच्या वाटेने चढायचे आहे. शिवाई देवीचे मंदिर, शिवजन्मस्थान आणि गंगा-जमुना ही पाण्याची टाकी पाहून दुपारी १:०० पर्यंत खाली येऊ. जेवण पायथ्याशी. त्यानंतर लेण्याद्री, तिथेही सुमारे ३०० पायऱ्या आहेत. म्हणजे एका दिवसात दोनदा चढ आहे. मुलाच्या गुडघ्याला किंवा पायाला दुखापत असेल तर ती आत्ताच कळवावी.

पालकांनी काय करायचे

संमतीपत्र वर्गशिक्षकांकडे द्यायचे. पैसे कार्यालयात भरायचे. दोन्हींची शेवटची वेळ एकच: मंगळवार, ७ जानेवारी, संध्याकाळी ५:००.

आधीच्या पत्रकासोबतचे गुलाबी संमतीपत्र चालेल. ज्यांनी ते सही करून दिले आहे त्यांनी पुन्हा काही देऊ नये. सही आई, वडील किंवा कायदेशीर पालक यांचीच हवी. ताई-दादाची सही चालणार नाही.

सहलीचे शुल्क ₹६०० आहे. त्यात एसटीचे भाडे, सकाळचा नाश्ता आणि दुपारचे जेवण आले. याशिवाय शाळा एक रुपयाही मागणार नाही. रोख किंवा यूपीआय, दोन्ही चालेल. कार्यालय सोमवार ते शुक्रवार सकाळी १०:०० ते संध्याकाळी ५:०० आणि शनिवारी सकाळी ८:०० ते ११:०० उघडे असते. पैसे मुलाच्या हाती वर्गात पाठवू नयेत, आणि पावती घेतल्याशिवाय पैसे भरले असे समजू नये.

ज्यांनी आधीच वर्गशिक्षकांकडे पैसे दिले, त्यांची पावती कार्यालय गुरुवार, २ जानेवारीला मुलाच्या डायरीत चिकटवेल. ती दिसली नाही तर पालकांनी शनिवार, ४ जानेवारीला कार्यालयात यावे. शोध घेण्याचे काम कार्यालयाचे, पालकांचे नाही.

७ तारखेनंतर मुदत वाढणार नाही, त्याचे कारण सांगते. आपण एसटीच्या प्रासंगिक कराराच्या दोन गाड्या घेत आहोत. शालेय सहलीसाठी भाड्यात ५० टक्के सवलत मिळते, पण विद्यार्थ्यांची नावनिशीवार यादी आणि पैसे बुधवार, ८ जानेवारीला आगारात द्यायचे आहेत. त्यानंतर नाव वाढवता येत नाही.

₹६०० भरणे या महिन्यात अवघड असेल तर शुक्रवार, ३ जानेवारीपर्यंत मला येऊन भेटा किंवा बंद पाकिटात चिठ्ठी पाठवा. ही गोष्ट माझ्यापाशीच राहील. पैशांवाचून एकही मूल मागे राहू नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

नाव मागे घ्यायचे असल्यास ७ जानेवारी, ५:०० पर्यंत लेखी कळवावे. पूर्ण रक्कम परत मिळेल. त्यानंतर मूल आजारी पडले तर जेवण-नाश्त्याचे ₹१५० परत मिळतील, भाड्याचे मिळणार नाहीत.

औषधे आणि तब्येत

दमा, फिट येणे, कशाची ॲलर्जी, गाडी लागणे यांपैकी काहीही असेल तर संमतीपत्राच्या मागच्या बाजूला स्पष्ट लिहा. रोजचे औषध मुलाच्या दप्तरात ठेवू नका. पाकिटावर नाव, तुकडी आणि वेळ लिहून ते ११ तारखेला सकाळी गेटवर वर्गशिक्षकांच्या हातात द्या. ते वेळेवर देणे ही वर्गशिक्षकांची जबाबदारी. मुलींसाठी सॅनिटरी पॅड दोन्ही गाड्यांतल्या शिक्षिकांकडे असतील. संकोच न करता मागायचे, एवढे घरी सांगून ठेवा.

शिवनेरीच्या कड्यांना आग्या माश्यांची मोठी पोळी असतात. त्यामुळे अत्तर, स्प्रे, सुगंधी तेल त्या दिवशी नको. गडावर आरडाओरडा, दगड मारणे, काही पेटवणे यांपैकी काहीही खपवून घेतले जाणार नाही.

सोबत काय

गणवेश, पट्ट्याचे बूट (चप्पल नको), टोपी, दोन लिटर पाणी, स्वेटर आणि ओळखपत्र. खाऊसाठी जास्तीत जास्त ₹१००. मोबाइल, दागिने नकोत.

शाळा काय करणार

७८ विद्यार्थ्यांसोबत ८ मोठी माणसे असतील, प्रत्येक गाडीत चार. प्रत्येकाकडे ठरलेली नऊ-दहा मुले असतील आणि त्यांची नावे आम्ही ९ जानेवारीला वर्गात लावू. गाडीत चढताना, उतरताना आणि प्रत्येक ठिकाण सोडताना मोजणी होईल. ती पूर्ण झाल्याशिवाय गाडी हलणार नाही.

७ अ चे वर्गशिक्षक पहिल्या गाडीचे प्रमुख, ७ ब च्या वर्गशिक्षिका दुसऱ्या गाडीच्या. ते वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन वेळा निरोप टाकतील: गडाच्या पायथ्याशी पोहोचल्यावर, लेण्याद्रीहून निघताना आणि चाकण ओलांडल्यावर. मध्ये त्यांना फोन करू नये. त्यांचे लक्ष मुलांवर हवे. तातडीचे असेल तर डायरीच्या पहिल्या पानावरच्या शाळेच्या नंबरवर फोन करा. मी स्वतः परतीपर्यंत शाळेत असेन.

परतल्यावर

७:३० ला मुलाला न्यायला पालकांनीच यावे. दुसरे कुणी येणार असेल तर त्यांचे नाव आणि नाते संमतीपत्रावर लिहावे; यादीत नाव नसलेल्या माणसाकडे आम्ही मूल सोपवणार नाही, ओळखीचा असला तरी. वाहतुकीमुळे उशीर झाला तर नवी वेळ ग्रुपवर कळवू. रिक्षाकाका आणि स्कूल व्हॅनची सोय त्या दिवशी सकाळी नाही आणि संध्याकाळीही नाही.

सहलीला न येणाऱ्या मुलांची शाळा ११ जानेवारीला नेहमीच्या वेळेत, ७ अ च्या वर्गात एकत्र भरेल.

शिवनेरीवरील प्रकल्प दोन पानांचा, हाताने लिहिलेला, शुक्रवार, १७ जानेवारीला इतिहासाच्या शिक्षकांकडे द्यायचा आहे. १२ जानेवारीची जिजाऊ जयंती रविवारी येते, म्हणून शाळेतला कार्यक्रम सोमवार, १३ तारखेला आहे. तिथे प्रकल्पातले एखादे पान वाचायचे असेल तर मुलांनी गडावरच टिपणे काढावीत.

मुख्याध्यापिका

प्रत: वर्गशिक्षक ७ अ, वर्गशिक्षिका ७ ब, शाळा कार्यालय, सूचना फलक