काजूच्या हंगामासाठी तीन लाख रुपयांच्या गुंतवणुकीबाबत मामांस पत्र

॥ श्री ॥

कुडाळ, जि. सिंधुदुर्ग
१८ जानेवारी २०२६

तीर्थस्वरूप मामा यांस,
वैशालीचा शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या आठवड्यात फोनवर मी काजूच्या कारखान्यासाठी पैशांचा विषय काढला, तेव्हा तुम्ही म्हणालात की जे काही असेल ते कागदावर लिहून पाठव, म्हणजे मला आणि तुझ्या मामीला शांतपणे वाचता येईल. ते मला मनापासून पटले, म्हणून हे पत्र लिहीत आहे. यातला प्रत्येक आकडा मी आणि प्रशांत यांनी मिळून काढला आहे आणि उद्या काही वाद उद्भवला तर हेच पत्र आमच्यापुढे ठेवावे, अशा समजुतीने ते लिहिले आहे.

मागणी अशी आहे की येत्या हंगामात कच्ची काजू बी विकत घेण्यासाठी तुम्ही तीन लाख रुपये द्यावेत. हे पैसे यंत्रासाठी, शेडसाठी किंवा घरखर्चासाठी नाहीत. यंत्रे आम्ही २०२१ साली प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेतून ३५ टक्के अनुदानावर घेतली. त्या कर्जाचा हप्ता नियमित चालू आहे आणि तो आम्हीच भरत राहू. आम्हाला कमी पडते ते खेळते भांडवल. काजूची बी बाजारात येते ती मार्च ते मे या तीनच महिन्यांत, आणि त्या वेळी जेवढी घेऊन, वाळवून, साठवून ठेवावी तेवढ्यावरच पुढचे वर्ष काढावे लागते. स्वतःचे पैसे आणि बँकेची पाच लाखांची कॅश क्रेडिट मिळून मागच्या हंगामात आम्ही ५,००० किलो बी घेऊ शकलो. ती नोव्हेंबरमध्ये संपली. त्यानंतर सालपट काढणाऱ्या आणि प्रतवारी करणाऱ्या बायकांना घरी बसावे लागले, आणि गिऱ्हाईक विचारत असताना आमच्याकडे द्यायला माल नव्हता. बँकेकडे मर्यादा वाढवून मागितली आहे, पण तीन वर्षांचे ताळेबंद पाहिल्याशिवाय ती वाढणार नाही, असे आम्हाला सांगण्यात आले आहे.

आता हिशेब. बीचा दर किलोला १५० रुपये धरला, तर तीन लाखांत २,००० किलो बी येते. वाळवल्यावर ती साधारण १,८८० किलो उरते आणि त्यातून शेकडा २५ या उताऱ्याने ४७० किलो गर मिळतो. गराचा सरसकट भाव मी ८२० रुपये धरला आहे. मोठा अख्खा गर याहून बराच महाग जातो, पाकळी आणि तुकडा स्वस्त जातो आणि कणी तर मिठाईवाल्यांना मिळेल त्या भावाने द्यावी लागते, हे सगळे त्या सरासरीत आले. मागच्या वर्षी आम्हाला प्रत्यक्षात ८३५ रुपये सरासरी पडली होती, पण तेवढीच यंदा पडेल असे मी धरलेले नाही. गराचे ३,८५,४०० रुपये आणि टरफलाचे, तेल काढणाऱ्यांकडून, सुमारे १०,४०० रुपये, असे एकूण ३,९५,८०० रुपये येतात. खर्चात बीचे तीन लाख आणि मजुरी, जळण, वीज, पॅकिंग, वाहतूक यांचे किलोमागे २५ रुपयांप्रमाणे ५०,००० रुपये धरले आहेत. उरतात ४५,८०० रुपये. तो नफा निम्मा तुमचा, निम्मा आमचा. म्हणजे तुमच्या वाट्याला २२,९०० रुपये येतील. यंत्रांची झीज, बँकेचा हप्ता आणि आम्हा दोघांची मेहनत मी या खर्चात लावलेली नाही, ती आमच्या निम्म्यातून भागेल.

वाट्याची एक गोष्ट नीट सांगते. तुमच्या पैशाच्या पोत्यांची वेगळी रास लावून तिचाच हिशेब द्यावा, असे प्रशांतचे म्हणणे होते, पण मी ते मान्य केले नाही. रास वेगळी केली की चांगली बी कोणाच्या राशीत गेली आणि हलकी कोणाच्या, ही शंका कायमची राहते, मग कोणी काही केलेले असो वा नसो. म्हणून पूर्ण हंगामातील सगळ्या बीचा मिळून किलोमागे जो नफा येईल, तोच तुमच्या पैशातून घेतलेल्या किलोंना लागू होईल. खरेदीच्या पावत्या आणि विक्रीची वही दर महिन्याच्या पाच तारखेला फोटो काढून मी तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवीन.

परतफेड तीन भागांत करीन. आमचा जास्तीत जास्त माल गणपती आणि दिवाळीच्या आसपास जातो. गणेश चतुर्थी यंदा १४ सप्टेंबरला आहे, म्हणून ३० सप्टेंबर २०२६ पर्यंत १,००,००० रुपये, दिवाळीनंतर ३० नोव्हेंबरपर्यंत १,५०,००० रुपये आणि ३१ जानेवारी २०२७ पर्यंत उरलेले ५०,००० रुपये, त्यासोबत पूर्ण हिशेब आणि तुमचा नफ्याचा वाटा. मुद्दल टप्प्याटप्प्याने परत येत असल्यामुळे वर धरलेल्या नफ्यात तुम्हाला वर्षाच्या दराने साधारण साडेदहा टक्के पडतात. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आज ८.२ टक्के मिळतात आणि तेही सरकारी हमीने, हे तुम्हाला ठाऊक आहेच. म्हणजे जास्तीचे मिळणारे दोन-सव्वादोन टक्के हे जोखमीबद्दल आहेत आणि ते मिळतीलच असेही नाही. म्हणून चालू मुदत ठेव मोडून हे पैसे देऊ नयेत, ही माझी विनंती आहे. बचत खात्यात मोकळे पडून असतील आणि वर्षभर लागणार नसतील, तरच विचार करावा.

जोखीम कुठे आहे ते आता लिहिते, कारण या पत्रातला माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग तोच आहे.

पहिली जोखीम भावाची आहे. आफ्रिकेतून येणारी कच्ची बी आणि व्हिएतनामचा गर यांचा आपल्या बाजारावर परिणाम होतो आणि त्यावर कुडाळात बसून आमचा काहीही इलाज चालत नाही. मार्चमध्ये चढ्या दराने बी घ्यावी आणि ऑगस्टमध्ये गराचा भाव पडावा, असे होऊ शकते. सरासरी ८२० ऐवजी ७४० रुपये पडली, तर एकूण नफा ८,२०० रुपयांवर येतो आणि तुमचा वाटा अवघा ४,१०० रुपये होतो.

दुसरी जोखीम उताऱ्याची. मोहोराच्या वेळी ढगाळ हवा राहिली आणि ढेकण्या पडला की बी पोचट होते. मे महिन्यात अवकाळी पावसात भिजलेली बी वरून चांगली दिसते, पण आतला गर काळा पडलेला असतो. म्हणून आम्ही कोणाचीही बी नुसती पोत्यावर हात ठेवून घेत नाही. पोत्याच्या तळातून, मधून आणि वरून मूठ-मूठ काढून एक किलोचा नमुना करायचा, दाणे मोजायचे, ते सगळे कटरवर कापायचे आणि चांगला, सुरकुतलेला व किडका गर वेगवेगळा करून काट्यावर घालायचा. चांगला गर २३० ग्रॅमच्या खाली गेला तर दर उतरवून मागायचा किंवा माल परत करायचा. वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या जातींची बी टपोरी असते, तिला दर थोडा जास्त द्यावा लागला तरी तो परवडतो. एवढे करूनही साठवणीत ओल लागली तर नुकसान होते. उतारा २५ वरून २२ वर आला, तर ४१४ किलोच गर मिळतो आणि नफा जवळजवळ शून्यावर येतो. भाव आणि उतारा दोन्ही एकाच वर्षी घसरले, तर सुमारे ३३,००० रुपये तोटा होईल.

तिसरी जोखीम उधारीची. मागच्या वर्षी एका घाऊक व्यापाऱ्याने साठ हजार रुपये तीन महिने अडकवून ठेवले. ते शेवटी आले, पण त्यामुळे मजुरी द्यायला आमची फार ओढाताण झाली. या वर्षी घाऊक माल निम्मे पैसे आधी घेतल्याशिवाय गाडीत चढवायचा नाही, असे आम्ही ठरवले आहे. तरी सणाच्या तोंडावर थोडी उधारी होतेच.

तोटा झाला तर काय, याचे उत्तर सरळ आहे. नफा नसेल तर वाटा नाही, मात्र मुद्दल पूर्ण तीन लाख परत करण्याची जबाबदारी माझी आणि प्रशांतची, दोघांची आहे. तोटा आम्ही सोसू. परंतु तशा वर्षी वरच्या तारखा पाळणे आम्हाला कदाचित जमणार नाही. तेव्हा जी रक्कम राहील ती फेब्रुवारी २०२७ पासून जास्तीत जास्त बारा मासिक हप्त्यांत फेडू आणि राहिलेल्या रकमेवर वर्षाला आठ टक्के व्याज देऊ. हेही स्पष्ट सांगायला हवे की तुमच्या पैशाला तारण काहीच नाही. यंत्रे आणि साठा बँकेकडे तारण आहेत. सगळेच बुडण्याची वेळ आली तर बँकेचा हक्क आधी, तुमचा नंतर. तशा वेळी प्रशांतच्या शाळेतल्या पगारातून आणि माझ्या नावावरच्या कलमांच्या उत्पन्नातून तुमचे पैसे फिटतील, पण वेळ लागेल.

तुम्हाला मध्येच दवाखान्यासाठी किंवा अशाच निकडीसाठी पैसे लागले, तर जूनअखेरपर्यंत ते बीमध्ये गुंतलेले असतील आणि मला लगेच देता येणार नाहीत. जुलैपासून मात्र तीस दिवस आधी सांगितल्यास निदान एक लाख रुपये मी हातातला माल विकून देऊ शकेन.

पैसे कृपया चेकने किंवा खात्यावरच द्यावेत. वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम अशा रीतीने रोखीत घेणे किंवा परत करणे आयकर कायद्यातही बसत नाही. नफ्याचा वाटा तुमच्या उत्पन्नात दाखवावा लागेल, तेवढे तुमच्या सल्लागारांना विचारून ठेवावे. तुमचा होकार आला तर या पत्रातल्या अटी ५०० रुपयांच्या मुद्रांकावर लिहून आम्ही दोघे सही करू. त्यात तुमच्या पश्चात हे पैसे मामींना मिळतील आणि माझे काही बरेवाईट झाले तर प्रशांत ते फेडील, अशी कलमे असतील. मामींची साक्षीदार म्हणून सही असावी, अशी माझी इच्छा आहे. त्यांना मनातून हे पटलेले नसेल, तर तुमचा होकार असला तरी मी पैसे घेणार नाही.

रक्कम तीन लाखच असावी असेही नाही. एक लाख दिलेत, तरी त्या प्रमाणात बी घेऊ आणि वाटा, परतफेड त्याच प्रमाणात राहील. आईला या पत्राची कल्पना आहे, पण तुम्हाला आग्रह करू नये असे मी तिला सांगितले आहे. तुमचा नकार असेल तर कारण द्यायची गरज नाही. मे महिन्यात तुम्ही नेहमीप्रमाणे यालच आणि तेव्हा हा विषय कोणी काढणार नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात खरेदी सुरू होते. त्यामुळे १५ फेब्रुवारीपर्यंत तुमचा निर्णय कळला तर बरे होईल. तोवर काही विचारायचे असल्यास रात्री साडेआठनंतर फोन करावा, मी आणि प्रशांत दोघेही घरी असतो.

मामींना नमस्कार.

तुमची भाची,
वैशाली

सोबत वाचून मान्य केले,
प्रशांत

ता. क. मागच्या दोन वर्षांचे ताळेबंद, बँकेच्या कर्जखात्याचा उतारा आणि अन्न परवान्याची प्रत सोबत जोडली आहे. कर्जखात्यात गेल्या जुलैचा हप्ता नऊ दिवस उशिरा भरलेला दिसेल. तो वर लिहिलेल्या थकलेल्या रकमेमुळे लांबला होता.