शुगर कमी झाल्यास: वॉर्डमधील सिस्टरांसाठी कार्यपद्धती

लागू: मेडिसिन, सर्जरी आणि ऑर्थो वॉर्ड, 16 वर्षांवरील रुग्ण. लहान मुले, नवजात आणि आयसीयू यांची पद्धत वेगळी आहे. त्यांच्यासाठी हा कागद वापरू नये.

कधी सुरू करायचे

ग्लुकोमीटरवर 70 च्या खाली आकडा आला की ही पद्धत सुरू होते. 54 च्या खालचा आकडा गंभीर. रुग्ण बरळतोय, झटके येताहेत किंवा हाकेला ओ देत नाही, तर आकडा काहीही असो, ती तीव्र हायपोग्लायसेमियाच समजा. घाम, थरथर, धडधड, एकाएकी चिडचिड ही नेहमीची लक्षणे. बीटा-ब्लॉकर चालू असलेल्या रुग्णात थरथर आणि धडधड झाकली जाते, घाम मात्र येतो. रात्रीच्या फेरीत ओली उशी दिसली तर झोपमोड झाली तरी चालेल, बोट टोचा.

बोट पाण्याने पुसून कोरडे करा. हाताला फळाचा रस किंवा पेढ्याचा अंश असेल तर आकडा खोटाच चढा येतो. हातपाय गार पडलेल्या, बीपी कमी असलेल्या रुग्णात बोटाच्या आकड्यावर पूर्ण विसंबू नका. शिरेतले रक्त फ्लोराइड बल्बमध्ये लॅबला पाठवा. रिपोर्टची वाट पाहत उपचार मात्र थांबवायचा नाही.

इन्सुलिनची ड्रिप चालू असेल तर आधी ती बंद करा, मग बाकीचे.

कोणाला काय द्यायचे

रुग्ण शुद्धीवर आहे, नीट गिळतो आणि एनबीएम नाही: ट्रॉलीतली 15 ग्रॅम ग्लुकोजची पुडी अर्धा ग्लास पाण्यात. पुडी नसेल तर साखरेचे चार चमचे. दूध, बिस्किट, चॉकलेट यांनी सुरुवात नको. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर हळू चढते. किडनीच्या रुग्णाला नारळपाणी देऊ नका, त्यात पोटॅशियम भरपूर असते. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज चालू असलेल्याला साखर देऊन उपयोग होत नाही, कारण आतड्यात ती फोडणारे एन्झाइमच अडवलेले असते. त्याला ग्लुकोजच हवे.

गिळता येत नाही, शुद्ध हरपली आहे किंवा एनबीएम आहे, तर शिरेतून. हिशोब सोपा आहे: टक्के गुणिले मिली भागिले 100 म्हणजे ग्रॅम. डी-25 ची 100 मिलीची बाटली म्हणजे 25 ग्रॅम, डी-10 चे 250 मिली म्हणजेही 25 ग्रॅम, डी-50 चा 25 मिलीचा अँपूल साडेबारा ग्रॅम.

शुद्धीवर असलेल्या एनबीएम रुग्णाचा आकडा 54 ते 69 असेल तर डी-25 चे 50 मिली. 54 च्या खाली असेल किंवा शुद्ध बिघडली असेल तर पूर्ण 100 मिली, पाच ते दहा मिनिटांत. इंट्राकॅथ हाताच्या पाठीवरच्या बारीक शिरेत असेल तर डी-10 चे 250 मिली पंधरा मिनिटांत देणे बरे. डी-25 आणि डी-50 शिरेबाहेर गेले तर कातडी सडते. म्हणून आधी 10 मिली सलाईनने फ्लश करून जागा फुगत नाही ना, हे बघा. हार्ट फेल्युअर किंवा डायलिसिसच्या रुग्णात पाण्याचा भार नको, तिथे मोठ्या शिरेतून डी-25.

डी-5 ची बाटली हा उपचार नव्हे. तासाला 100 मिलीने ती फक्त 5 ग्रॅम साखर देते. “डेक्स्ट्रोज चालू आहे” असे फोनवर सांगताना कोणते, ते सांगा.

शीर सापडत नसेल तर ग्लुकागॉन 1 मिग्रॅ स्नायूत. उलटी होऊ शकते, रुग्णाला कुशीवर वळवा. उपाशी, यकृताच्या किंवा दारूच्या रुग्णात त्याचा भरवसा नाही, त्यामुळे शीर शोधणे सोडू नका. दारूच्या किंवा कुपोषित रुग्णासाठी थायमिनची ऑर्डर घ्या, पण त्यासाठी डेक्स्ट्रोज अडवू नका.

शिरेतून डेक्स्ट्रोज किंवा ग्लुकागॉन देताना दुसऱ्या सिस्टरने त्याच वेळी आरएमओंना फोन करायचा.

पुन्हा कधी तपासायचे

ग्लुकोज पिऊन झाल्यापासून किंवा डेक्स्ट्रोज संपल्यापासून 15 मिनिटांनी. ड्रिपच्या हाताचे बोट टोचू नका. अजून 70 च्या खाली असेल तर तोच डोस पुन्हा आणि पुन्हा 15 मिनिटे. तीन वेळा करूनही चढत नसेल तर कन्सल्टंटना फोन आणि डी-10 च्या ड्रिपची ऑर्डर.

70 च्या वर गेला की काम संपत नाही. शिरेतून दिलेले ग्लुकोज थोड्याच वेळात खर्च होते, आणि दुसरी घसरण बहुधा सगळे पांगल्यावर येते. जेवू शकणाऱ्याला पोळी-भाजी, दूध-बिस्किटे असे काही द्या. अर्ध्या तासाने एकदा, मग चार तास दर तासाला तपासा. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड अशा गोळ्या कारण असतील तर किमान 24 तास नजर ठेवा. किडनी बिघडलेली असेल तर 48 तास.

पुढचा इन्सुलिनचा डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, आणि आपल्या मनाने गाळूही नका. टाइप 1 रुग्णाचे बेसल इन्सुलिन पूर्ण थांबले तर कीटोॲसिडोसिस होतो.

कारण लिहिणे

“शुगर कमी, डी-25 दिले, आता बरे.” केसपेपरवर हे वाक्य पुष्कळदा सापडते. त्यातून पुढच्या रात्री तेच होऊ नये म्हणून काय बदलायचे, ते कळत नाही. कारण नक्की माहीत नसले तरी “बहुधा” लिहून आधार द्या.

विचारायचे ते असे. इन्सुलिन किती वाजता दिले आणि ताट किती वाजता आले? ताट आले म्हणजे जेवले असे नाही; मावशींना विचारा, परत काय गेले. एकादशी, श्रावणी सोमवार, रोजा आहे का? रुग्ण आपण होऊन सांगत नाहीत. राईल्स ट्यूबचे फीड बंद पडले होते का? तपासणीसाठी एनबीएम ठेवून इन्सुलिन चालूच राहिले का? नातेवाइकांनी घरची गोळी दिली का? क्रिएटिनिन वाढले, स्टेरॉइड कमी केले, क्विनीन सुरू झाले, सेप्सिस आहे? पोटॅशियम उतरवायला इन्सुलिन दिले असेल तर घसरण काही तासांनीही येते.

सिरिंजही बघा. 100 युनिट प्रति मिलीच्या बाटलीतले इन्सुलिन लाल टोपीच्या 40 च्या सिरिंजने काढले तर अडीचपट जाते. असे झाले असेल तर तसेच लिहा. ही नोंद कोणालाही मेमो देण्यासाठी वापरली जाणार नाही, हे मेट्रन ऑफिसने मान्य केले आहे.

मधुमेह नसलेल्याची शुगर पडली आणि कारण दिसत नसेल, तर शीर टोचतानाच, डेक्स्ट्रोजच्या आधी, जादा रक्त काढून ठेवा. इन्सुलिन, सी-पेप्टाइड, कॉर्टिसोल लागू शकते. त्यापायी डेक्स्ट्रोजला उशीर होत असेल तर सोडून द्या.

नोंदीचा नमुना:

“बेड 14, पुरुष, 63 वर्षे. 05.40: घामाघूम, हाकेवर फक्त डोळे उघडतो, शुगर 41. उजव्या कोपराच्या शिरेतून फ्लश करून डी-25 100 मिली, 05.44 ते 05.50. आरएमओंना 05.45 ला कळवले. 06.05: शुगर 118, नाव सांगतो. 06.15: दूध, चार बिस्किटे. 06.35: 104. पुढची 07.35 ला, हँडओव्हरमध्ये सांगितले. बहुधा कारण: रात्री 8 ला प्रीमिक्स 18 युनिट, नंतर उलटी, अर्धीच पोळी खाल्ली, क्रिएटिनिन परवा 1.1, काल 2.3. घरची गोळी दिली नाही असे मुलगी सांगते. सकाळचा डोस आरएमओंच्या ऑर्डरीपर्यंत थांबवला.”

वापरलेली बाटली आणि पुडी त्याच पाळीत ट्रॉलीत परत भरावी.