उन्हाळ कांद्याच्या चाळीतून: जुलै ते सप्टेंबर २०२५

जुलै: ३१ चाळी, त्यातल्या १९ पैसे देणाऱ्या

नमस्कार,

ठरल्याप्रमाणे महिन्याचं पत्र. यादीत नव्याने आलेल्या तिघांसाठी थोडक्यात: निफाड आणि येवला तालुक्यांतल्या कांदाचाळींत आम्ही तापमान, आर्द्रता आणि सडीचा वायू मोजणारे नोड बसवतो. सड पसरायच्या आत शेतकऱ्याला कोणता कप्पा आधी फोडायचा ते फोनवर कळतं.

बँकेत १६.१ लाख, महिन्याचा खर्च २.३ लाख, म्हणजे सात महिने.

मे महिन्यातल्या अवकाळीत भिजलेला कांदा बऱ्याच जणांनी तसाच चाळीत भरला. त्यामुळे एरवी ऑगस्टमध्ये दिसणारी सड जूनअखेरीलाच दिसू लागली. आमच्यासाठी ही कसोटी लवकर आली. १७ इशारे गेले, त्यातले ११ खोटे निघाले. पावसाळी हवेत वायूचा सेन्सर ओलाव्यालाच सड समजतो. विंचूरच्या एका काकू म्हणाल्या, "तुमचा फोन आला की पोटात गोळा येतो, आणि जाऊन बघावं तर कांदा ठणठणीत." ऑगस्टमध्ये दुसरं काही हाती घेणार नाही, एवढंच निस्तरणार.

मदत हवी आहे ती एकच: गॅस सेन्सरच्या कॅलिब्रेशनवर काम केलेलं कोणी ओळखीचं असेल तर अर्धा तास बोलायचं आहे.

केतकी

ऑगस्ट: खोटे इशारे १५ पैकी ४

नमस्कार,

३८ चाळी, २७ पैसे देणाऱ्या. जमा ४८ हजार, खर्च २.४ लाख, शिल्लक १४.२ लाख. साधारण सहा महिने.

आधी चांगली बातमी. सर, तुम्ही जोडून दिलेल्या प्राध्यापकांशी दोनदा बोलणं झालं. सेन्सर महागडा घ्यायची गरज पडली नाही. आता आम्ही वायूचा नुसता आकडा बघत नाही, एकाच चाळीतल्या कप्प्यांची एकमेकांशी तुलना करतो. बाहेरची हवा दमट झाली तर सगळ्या नोडचे आकडे मिळून चढतात, सड लागली तर एकाचाच चढतो. अमोलने चार दिवसांत गेटवेच्या प्रोग्रॅममध्ये हा बदल केला. नोडला हातही लावावा लागला नाही.

आता पैशाचं. २५ टनांच्या चाळीत २५० क्विंटल कांदा. १,३०० रुपये भाव धरला तर माल सव्वातीन लाखांचा. आमच्यामुळे दोन टक्के माल वाचला तर शेतकऱ्याचे ६,५०० रुपये वाचतात, आणि आम्ही हंगामाचे ६,००० घेतो. या भावात कोणी आनंदाने पैसे देणार नाही, आणि मी त्यांच्या जागी असते तर मीही दिले नसते. भाव २,५०० झाला की हेच गणित एकदम गोड वाटतं, पण कांद्याच्या भावावर कंपनी उभी करणं म्हणजे लॉटरीवर घर बांधणं. १ एप्रिलला निर्यात शुल्क पूर्ण उठलं तेव्हा आम्हीही भाव सुधारेल असं धरून चाललो होतो.

म्हणून लक्ष शेतकरी उत्पादक कंपन्यांकडे वळवतोय. नाफेड आणि एनसीसीएफसाठी कांदा खरेदी करून साठवणाऱ्यांना घट किती झाली याचा हिशेब द्यावा लागतो. त्यांना इशाऱ्याइतकीच नोंदही हवी आहे, आणि ती आमच्याकडे आपोआप तयार होते. अशा दोन कंपन्यांशी बोलणी चालू आहेत.

ताई, तुमच्या ओळखीत साठवणुकीची जबाबदारी सांभाळणारं कोणी असेल तर फक्त फोन नंबर द्या, पुढचं मी बघते.

केतकी

सप्टेंबर: पहिली मोठी ऑर्डर

नमस्कार,

एका उत्पादक कंपनीने २० चाळींची ऑर्डर दिली. १.२ लाख, निम्मे आगाऊ मिळाले. दुसरीने नकार दिला. त्यांचे संचालक म्हणाले, नोंद आमच्या मुनीमाकडे आहेच. पुढच्या हंगामाआधी पुन्हा जाईन.

नवे वैयक्तिक ग्राहक या महिन्यात घेतले नाहीत. चाळी रिकाम्या होत आहेत, आणि हंगामाच्या शेवटी कोणाच्या गळ्यात यंत्र मारण्यात अर्थ नाही. खर्च २.३ लाख, शिल्लक १२.५ लाख.

गुंतवणुकीबद्दल तिघांनी विचारलं, म्हणून सगळ्यांनाच सांगते. सध्या पैसे उभारत नाही. सीड फंड योजनेतून २० लाखांपर्यंतच्या अनुदानासाठी इन्क्युबेटरकडे अर्ज केला आहे, त्याचा निकाल आल्यावर जानेवारीत ६० लाखांची फेरी उघडायचा विचार आहे. त्याआधी याच कंपनीच्या चाळींची तुलना हाती हवी: निम्म्यांत नोड, निम्म्या तशाच, दोन्हींत माल एकाच गावचा. फोडताना दोन्हीकडची सड, काजळी आणि कोंब वेगवेगळे तोलणार. आकडे आमच्या विरोधात गेले तरी तसेच पाठवेन.

चाळ फोडताना प्रत्यक्ष बघायचं असेल तर दिवाळीनंतरच्या आठवड्यात निफाडला या. जुने कपडे घाला, वास दोन दिवस जात नाही.

केतकी