दिवाळीच्या ऑर्डरना झालेल्या विलंबाबद्दल दिलगिरी आणि नवीन तारखा

सोलापूर, दि. 11 ऑक्टोबर 2025

सन्माननीय ग्राहक बंधू-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीसाठी आपण आमच्याकडे नोंदवलेल्या चादरी, टॉवेल आणि नॅपकिन 10 ऑक्टोबरपर्यंत रवाना होतील, असे आम्ही आपल्याला कळवले होते. त्यांपैकी बऱ्याच ऑर्डर आजही कारखान्यातच आहेत. सणाचा माल सणाआधी हातात पडला नाही तर घरात किती अडचण होते, विशेषतः माहेरी-सासरी द्यायच्या भेटवस्तू ठरलेल्या असताना, याची आम्हाला पूर्ण जाणीव आहे. या गैरसोयीबद्दल आम्ही आपली मनःपूर्वक क्षमा मागतो.

विलंब का झाला, हे जाणून घेण्याचा आपल्याला हक्क आहे. सप्टेंबरच्या अखेरीस जिल्ह्यात अतिवृष्टी झाली आणि सीना नदीला मोठा पूर आला, हे आपण बातम्यांतून वाचलेच असेल. आमच्या कारखान्यात पाणी शिरले नाही. मात्र आमचे काही कामगार नदीकाठच्या गावांतून येतात, आणि त्यांच्या घरांत व शेतांत पाणी शिरल्यामुळे त्यांना घर सोडून कामावर या, असे सांगणे आम्हाला योग्य वाटले नाही. त्यांची पगारी रजा आम्ही मंजूर केली, त्यामुळे ऐन हंगामात काही माग बंद ठेवावे लागले.

त्याहून मोठी अडचण सुताची झाली. चादरीचे सूत रंगवून झाल्यावर बांबूंवर टांगून उन्हात वाळवले जाते आणि ते पूर्ण सुकल्यावरच त्याचा ताणा भरता येतो व कांड्या करता येतात. ढगाळ, दमट हवेत हेच सूत बाहेरून कोरडे लागते, पण लडी उकलून आतला पीळ बोटांत धरला तर गारवा जाणवतो. असे सूत मागावर चढवले तर ते वारंवार तुटते, नक्षीत गाठी दिसतात, आणि विणून झालेली चादर घडी घालून पिशवीत बंद केली की काही दिवसांत तिला कुबट वास येऊ लागतो. गडद लाल आणि मोरपंखी रंगांच्या बाबतीत तर एका घडीचा डाग दुसऱ्या घडीवर उतरण्याची भीती असते. तारीख पाळण्यासाठी असा माल पाठवण्यापेक्षा आपली नाराजी पत्करून सूत नीट वाळू द्यावे, असा निर्णय आम्ही घेतला.

इतर ठिकाणचा तयार माल घेऊन ऑर्डर पूर्ण करण्याचा मार्गही होता, आणि तो आम्ही स्वीकारला नाही. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोघांनाही भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. तरीही बाहेर तयार झालेल्या चादरी याच नावाने बाजारात सर्रास विकल्या जातात. आपण आमच्याकडे मागणी नोंदवता ती येथील मागावर विणलेल्या मालासाठी, त्यामुळे त्या विश्वासाला तडा जाईल असे काही करणे आमच्या मनाला पटणारे नव्हते. अर्थात, ही सर्व कारणे खरी असली तरी तारीख आम्ही दिली होती, आणि ती पाळली न जाण्याची जबाबदारी आमचीच आहे.

आता नवीन तारखांविषयी. गेल्या काही दिवसांत ऊन पडल्याने सूत वाळले आहे, रजेवरचे बहुतेक कामगार परतले आहेत, आणि सोमवारपासून माग दोन पाळ्यांत चालणार आहेत. टॉवेल आणि नॅपकिनचे काम जवळजवळ पूर्ण झाले असून फक्त शिलाई व बांधणी बाकी आहे. या ऑर्डर सोमवार, 13 ऑक्टोबरला निघतील. सोलापूर शहरातील ग्राहकांना त्या बुधवार, 15 ऑक्टोबरपर्यंत आमच्या माणसाकरवी घरपोच मिळतील, आणि महाराष्ट्रातील इतर गावी शनिवार, 18 ऑक्टोबर, म्हणजे धनत्रयोदशीपर्यंत पोहोचतील. एकेरी चादरींच्या ऑर्डर मंगळवार, 14 ऑक्टोबरपासून क्रमाने रवाना होतील; त्याही राज्यात 18 तारखेपर्यंत मिळाव्यात अशी व्यवस्था वाहतूकदाराशी बोलून केली आहे. राज्याबाहेरील ग्राहकांच्या एकेरी चादरी, टॉवेल व नॅपकिन सोमवार, 20 ऑक्टोबरपर्यंत पोहोचतील.

दुहेरी चादरींच्या बाबतीत मात्र आम्ही आपल्याला खोटी आशा दाखवू इच्छित नाही. रुंद मागांची संख्या मर्यादित आहे आणि एका नक्षीचा ताणा संपल्याशिवाय दुसरी नक्षी लावता येत नाही, त्यामुळे या चादरी दिवाळीपूर्वी पूर्ण होणार नाहीत. त्या सोमवार, 27 ऑक्टोबरला रवाना होऊन शुक्रवार, 31 ऑक्टोबरपर्यंत आपल्याकडे पोहोचतील. ज्यांना त्या दिवाळीतच हव्या आहेत, त्यांनी त्याच किमतीच्या एकेरी चादरी किंवा टॉवेलचा संच निवडावा. तो 18 तारखेपर्यंत पाठवण्याची हमी आम्ही देतो. ऑर्डर रद्द करायची असल्यास तसेही निःसंकोच कळवावे. कोणतीही कपात न करता पूर्ण रक्कम, ज्या खात्यावरून ती आली त्याच खात्यावर, कामकाजाच्या तीन दिवसांत परत केली जाईल.

भाऊबीजेसाठी ज्यांनी बहिणीच्या पत्त्यावर थेट भेट पाठवायला सांगितली आहे, त्यांच्या ऑर्डर आम्ही वेगळ्या काढून सर्वांत आधी हाती घेतल्या आहेत. भाऊबीज 23 ऑक्टोबरला आहे. त्यापूर्वी भेट पोहोचावी यासाठी त्या 14 तारखेलाच निघतील. आपण लिहून दिलेला मजकूर हस्ताक्षरात चिठ्ठीवर लिहून खोक्यात ठेवला जाईल आणि किमतीची पावती आत न ठेवता आपल्याला स्वतंत्रपणे पाठवली जाईल. यांपैकी ज्या भावांनी दुहेरी चादर निवडली आहे त्यांच्याशी उद्या आम्ही स्वतः फोनवर बोलणार आहोत, जेणेकरून त्याऐवजी काय पाठवायचे हे त्यांच्या पसंतीने ठरेल.

कामगारांना दिवाळीची भेट म्हणून एकत्रित मागणी नोंदवलेल्या कार्यालयांना आणि पतसंस्थांना वाटपाची तारीख सांभाळावी लागते, याची आम्हाला कल्पना आहे. त्यांच्या मालापैकी तयार असलेला भाग लगेच आणि उरलेला दुसऱ्या खेपेत पाठवता येईल. दुसऱ्या खेपेचा वाहतूक खर्च आम्ही करू.

विलंब झालेल्या प्रत्येक ऑर्डरसोबत आमच्याकडून दोन टेरी नॅपकिन आणि पाव किलो सोलापुरी शेंगा चटणी पाठवत आहोत. चटणी दिवाळीच्या फराळाबरोबर, किंवा फराळाच्या गोडाचा कंटाळा आल्यावर कडक भाकरीबरोबर, घरात सर्वांना आवडेल अशी आशा आहे. त्याशिवाय आपण भरलेला कुरिअरचा खर्च परत करण्यात येईल; त्यासाठी वेगळा अर्ज करण्याची गरज नाही. ही भेट लहान आहे आणि तिने आपली गैरसोय भरून निघत नाही, हे आम्ही जाणतो. तरी ती आपुलकीने स्वीकारावी, ही विनंती. ऑर्डर रद्द करणाऱ्या ग्राहकांनाही ही भेट पाठवली जाईल.

ऑर्डरमध्ये बदल करायचा असल्यास, रद्द करायची असल्यास किंवा पत्ता बदलला असल्यास ज्या व्हॉट्सअ‍ॅप क्रमांकावरून हा संदेश आला आहे त्याच क्रमांकावर आपला ऑर्डर क्रमांक लिहून सोमवार, 13 ऑक्टोबरच्या दुपारी बारा वाजेपर्यंत कळवावे. सकाळी नऊ ते रात्री आठ या वेळेत, रविवारीही, फोन घेण्यासाठी माणूस उपलब्ध आहे. आपल्याकडून काही कळवले गेले नाही, तर वरील तारखांप्रमाणे माल पाठवला जाईल, आणि तो निघताच पार्सलचा क्रमांक आपल्याला मिळेल.

आपले नम्र,
व्यवस्थापक, विक्री विभाग
चादर व टॉवेल कारखाना,
अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर